घड्याळ कुणाच्या हातात

पालक माझ्याकडे येतात ते बहुतेक परीक्षेच्या कामासाठी. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र कुठे मिळतं, लेखनिक घ्यावा की नुसता वाढीव वेळ पुरेल, सवलत घेतली तर पुढे कुठे अडणार तर नाही ना. पिंपरी-चिंचवडमध्ये रेमेडियल शिक्षिका म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मला आता तोंडपाठ आहेत. सगळं बोलून झालं की निघताना, चपला घालता घालता, एखादी आई आवाज खाली आणून विचारते, "मॅडम, आणखी एक. याला गेम कुठला द्यावा? अक्षरं कमी असलेला?"

हा प्रश्न मला परीक्षेच्या प्रश्नांइतकाच महत्त्वाचा वाटतो. दिवसभर शाळेत वाचनाशी झटापट करून आलेल्या मुलाला संध्याकाळी मित्रांच्या बरोबरीनं काही करता यावं, एवढीच त्या आईची अपेक्षा असते. फक्त "अक्षरं कमी" हे तिचं माप मला पटत नाही. पडद्यावर मजकूर किती आहे यापेक्षा तो मजकूर वाचायला किती वेळ मिळतो आणि तो वेळ कोण ठरवतं, हे मी आधी बघते. हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दाखवून दिलं.

तो आता भोसरीला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवतो. ड्रॉइंग वाचण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण परिच्छेद समोर आला की अजूनही कपाळाला आठी पडते. खोलीवरच्या मित्रांच्या नादानं त्यानं सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि सगळ्यांनी मिळून 'द वॉकिंग डेड' खेळायला घेतला. टेलटेल कंपनीचा २०१२ सालचा हा गेम. मेलेली माणसं उठून चालायला लागली आहेत, आणि त्यात ली नावाचा एक माणूस क्लेमेंटाइन नावाच्या लहान मुलीला सांभाळतो आहे. बंदुकांपेक्षा संभाषणंच जास्त. कुणाशी काय बोलायचं ते आपण ठरवायचं आणि त्यानुसार लोक आपल्याशी वागतात. दिवाळीला भेटायला आला तेव्हा तो हसत हसत म्हणाला, "मॅडम, पोरांचा ली कसा फाडफाड बोलतो. माझा आपला मुकाच. सगळे म्हणतात, तुझा ली लई घुमा आहे."

तो हसला, मला मात्र चैन पडेना. पुढच्या रविवारी त्याला लॅपटॉप घेऊन वर्गावर बोलावलं.

गेमची सुरुवातच पोलिसांच्या गाडीत होते. ली मागच्या सीटवर बेड्यांत बसलेला, आणि पुढे बसलेला म्हातारा पोलीस गप्पा मारतोय. तो काहीतरी विचारतो, पडद्याच्या खालच्या बाजूला उत्तराचे पर्याय येतात, आणि एक पट्टी आक्रसायला लागते. पट्टी संपली की संधी गेली. मी पडद्याकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. पहिला पर्याय वाचून झाला, नजर दुसऱ्याच्या मध्यावर आली आणि पट्टी संपली. पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच. आता या गेमची खुबी अशी की तुम्ही काहीच निवडलं नाही तर तो अडत नाही. गप्प राहणं हेही तो एक उत्तर धरतो. समोरचा माणूस त्या गप्प राहण्यावर बोलतो, रागावतो, नाही तर संशय घेतो. म्हणजे या मुलाच्या वाचनाचा वेग गेमनं लीचा स्वभाव म्हणून नोंदवला होता, आणि पुढची गोष्ट त्या स्वभावावर उभी राहत होती.

मी तेच पर्याय कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्यापुढे ठेवले. वेळेचं बंधन नाही. त्यानं सगळे वाचले, अर्थ बरोबर लावला, एक निवडला आणि तोच का, हेही सांगितलं. ती पट्टी देते त्याच्या तिप्पट तरी वेळ लागला असेल, पण चूक एकही नाही. डिस्लेक्सिया असलेली मोठी माणसं पुष्कळदा अशीच असतात. वाचता येतं, अचूकही येतं. फक्त अक्षरावरून उच्चाराकडे आणि उच्चारावरून शब्दाकडे जाणारी जी वाट इतरांना पायाखालची झालेली असते, ती यांना दर वेळी नव्यानं चालावी लागते. बुद्धीचा संबंध नाही, नजरेचाही नाही.

थोडं पुढे खेळल्यावर शेतातला प्रसंग आला. ट्रॅक्टरखाली पाय अडकलेला शॉन, आणि ट्रॅक्टरवर बसलेला डक नावाचा मुलगा, त्याला एका मुडद्यानं धरलंय. दोघांतल्या एकालाच मदत करता येईल, आणि वेळ इथंही थोडाच आहे. पण निवड करायची ती त्या माणसावर क्लिक करून. माझ्या विद्यार्थ्यानं मी श्वास घ्यायच्या आत पोराला निवडलं. जराही अडखळला नाही.

तेव्हा मला या सगळ्याची नीट फोड करता आली. घाईत निर्णय घेण्यात त्याला काहीही अडचण नव्हती. मशीनवर काम करणाऱ्या माणसाला कशी असेल? अडचण होती ती घाईत वाचून निर्णय घेण्यात. दोन्ही प्रसंगांत घड्याळ चालूच होतं. एकात पर्याय वाक्यांचे होते, दुसऱ्यात माणसांचे. म्हणून "याला जलद गेम झेपणार नाही, शांत काहीतरी द्या" हा सल्ला मी कुणाला देत नाही. याच कारणानं आपल्याकडची पुष्कळ डिस्लेक्सियाची मुलं मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये तरबेज असतात. तिथं बंदुकीचं चित्र असतं, नकाशावर खूण असते, पावलांचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून ते कानात कळतं. सगळं क्षणात घडतं, पण वाचायला जवळजवळ काही नसतं.

त्याच दिवशी आणखी एक बारीक गोष्ट लक्षात आली. मारामारीच्या जागी पडद्यावर अचानक Q हे अक्षर येतं, ते बडवत राहायचं, आणि मग E दाबायचं. एकच अक्षर, पण तेही वेळेत ओळखायचं आणि कीबोर्डवर शोधायचं. तो एकदा चुकला, मग घाबरला आणि पुन्हा चुकला. मी भाच्याकडून प्लेस्टेशनचा कंट्रोलर मागवून ठेवला होता. त्याच्या बटनांवर अक्षरांच्या जागी त्रिकोण, गोल, फुली, चौकोन असतात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर A, B, X, Y ही अक्षरं असतात. ज्याची अक्षरांची ओळख पक्की पण संथ आहे, त्याला हा फरक जाणवतो. इथे एक मेख आहे. लॅपटॉपला प्लेस्टेशनचा कंट्रोलर जोडला तरी बरेच गेम पडद्यावर एक्सबॉक्सची अक्षरंच दाखवत राहतात. म्हणून कंट्रोलर विकत घेण्याआधी तो गेम आकृत्या दाखवतो का, ते कुणाकडे तरी बघून घ्यावं.

त्या रविवारनंतर कुठलाही गेम मुलांना सुचवायच्या आधी मी स्वतः तो अर्धा तास तरी हाताळते. मला गेम चांगले खेळता येत नाहीत, आणि या कामाला ते फायद्याचंच पडतं.

पहिलं काम म्हणजे गेम सुरू करून हात मांडीवर ठेवून बसायचं. पडद्यावर पहिला संवाद आला की काहीच दाबायचं नाही. वाक्य आपण बटन दाबेपर्यंत तिथंच थांबलं, तर निम्मी चिंता मिटली. आपोआप पुढे सरकलं, तर सेटिंगमध्ये ते बंद करता येतं का बघायचं. मग मुद्दाम संवादाच्या मधोमध पॉजचं बटन दाबायचं. काही गेममध्ये त्या बटनानं गेम थांबतो. काहींत अख्खा संवादच उडी मारून पुढे जातो आणि परत बघायची सोय नसते. संथ वाचणारा माणूस घाबरून नेमकं तेच बटन दाबतो, म्हणून हे आधी कळलेलं बरं. झालेले संवाद मागे जाऊन पुन्हा वाचता येतात का, तेही बघते. ती सोय असेल तर निसटलेलं वाक्य हातचं जात नाही.

त्यानंतर सूचना. 'उडी मारायला हे दाबा' छापाची ओळ एकदाच चमकून जाते की नंतरही कुठल्या पानावर सापडते? आणि एक गंमत सांगते. कित्येक गेम महत्त्वाच्या युक्त्या लोडिंगच्या पडद्यावर छापतात. जुन्या रखडणाऱ्या संगणकावर त्या आरामात वाचून होत. आता नवी, वेगवान ड्राइव्ह घातली की लोडिंग चुटकीसरशी संपतं आणि युक्ती वाचायच्या आत पडदा बदलतो. संगणक सुधारला आणि वाचणाऱ्याची पंचाईत झाली.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो टाइपरायटरसारखा मजकूर. अक्षरं एकेक करून टकटक आवाजासह उमटतात. कुणाला ते गोड वाटतं. पण सरावलेला वाचक शब्द एका नजरेत उचलतो, तर डिस्लेक्सियाचा वाचक शब्दाचे तुकडे पाडून ते जोडत असतो. तुकडे जोडताना शब्दच अजून वाढतोय म्हटल्यावर तो पुन्हा सुरुवातीला जातो. 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा निन्टेन्डोचा २०२० सालचा गेम लोक शांत, निवांत म्हणून सुचवतात. निवांत तो आहेच, कशाची घाई नाही, वाक्यंही थांबतात. पण त्यातले प्राणी अखंड बोलत असतात, ते सगळं बोलणं असं उमटणाऱ्या मजकुरात असतं, आणि सोबत ऐकू येतो तो नुसता किलबिलाट, त्यातून शब्द कळत नाही. ज्याला वाचनाचा थकवा लवकर येतो त्याला मी तो सुचवत नाही. मजकूर एकदम दिसावा अशी सोय ज्या गेममध्ये असते, तिथं ती मी सगळ्यात आधी चालू करते.

फॉन्टबद्दल पालक हमखास विचारतात. ओपनडिस्लेक्सिक नावाचा एक फॉन्ट फुकट मिळतो, त्यातली अक्षरं तळाशी जाड असतात. काही मुलांना तो आवडतो, त्यांनी जरूर वापरावा. पण त्यानं वाचन सुधारतं असा भरवशाचा पुरावा नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवल्याचा मात्र फायदा दिसलेला आहे. २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या एका अभ्यासात अंतर वाढवल्याबरोबर, कसलाही सराव न देता, डिस्लेक्सियाची मुलं अधिक अचूक आणि जलद वाचू लागली. म्हणून गेममध्ये मी फॉन्टचं नाव शोधत बसत नाही. अक्षर मोठं करता येतं का, मजकुरामागे गडद पट्टी टाकता येते का, एवढंच बघते. धावत्या चित्रावर तरंगणारी बारीक पांढरी अक्षरं वाचायला कुणालाच सोपी जात नाहीत.

माझ्या त्या विद्यार्थ्याकडे परत येते. त्याला मारामारी हवी होती, गोष्टही हवी होती, आणि "लहान पोरांचं काही देऊ नका" अशी अटही होती. भाच्यानं 'हेडीस' सुचवला. सुपरजायंट गेम्सचा २०२० सालचा गेम, ग्रीक पुराणातला. पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस बापाच्या घरातून पळून जायचा प्रयत्न करतो, मरतो, घरी परत येतो आणि पुन्हा निघतो. वरवर पाहिलं तर हा गेम माझ्या यादीत बसायला नको. त्यात मजकूर भरपूर आहे आणि मारामारी अशी की मला तर पडद्यावर काय चाललंय तेच कळेना.

पण मांडीवर हात ठेवून बसले आणि झॅग्रियससमोरचं पात्र बोलून थांबलं. वाक्य तिथंच राहिलं. प्रत्येक संवाद आवाजात आहे आणि सोबत लिहिलेलाही आहे, म्हणजे वाचायचं की ऐकायचं हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर. लढाई संपल्यावर एखादा देव तीन वरदानं पुढे करतो. त्यांचं वर्णन कुणी वाचून दाखवत नाही, ते डोळ्यांनीच वाचावं लागतं. पण तेवढ्या वेळात गेम पूर्ण थांबलेला असतो, कितीही वेळ घ्या. शिवाय प्रत्येक देवाची खूण ठरलेली आहे, वरदान साधं की दुर्मीळ ते रंगावरून कळतं, आणि पुढच्या खोलीत काय मिळणार त्याचं चिन्ह दारावरच असतं. वेग सगळा मारामारीत ठेवलाय आणि वाचन सगळं थांबलेल्या वेळात. या मुलासाठी मुद्दाम बेतला असता तरी याहून वेगळा बेतला नसता.

पहिल्या आठवड्यात तो वर्णनं वाचायचा. नंतर त्याला खुणा ओळखू यायला लागल्या आणि वाचन आपोआप कमी झालं. गेम अवघड वाटला तेव्हा त्यानं 'गॉड मोड' चालू केला. त्यात मार वीस टक्के कमी लागतो आणि दर मरणागणिक आणखी दोन टक्के सवलत मिळत जाते. मित्रांनी चिडवलं का, विचारलं तर म्हणाला, "चिडवलं ना. पण मी त्यांच्या आधी बाहेर पडलो, मॅडम."

आवाज असला की काम झालं, असं मात्र नाही. आपल्या इथल्या मुलांच्या बाबतीत इंग्रजी हे दुसरं ओझं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अक्षरांची वाट संथ असते आणि वर इंग्रजी उच्चारही परका असतो. झ्यूस, आर्टेमिस ही नावं त्यानं कानांनी पकडली, पण देवांचे टोमणे त्याच्या डोक्यावरून गेले. तो म्हणतो, चालतंय. मला ते तितकंसं चाललं नाही. गोष्ट अर्धी निसटली, हे खरंच आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण माझ्याकडे येणाऱ्या एका इंजिनिअरचं. तिशीतला, इंग्रजी उत्तम, लहानपणी डिस्लेक्सिया कुणी ओळखलाच नाही. नोकरीतले लांबलचक ईमेल कसे निभवायचे यासाठी तो माझ्याकडे यायचा. त्याचा आवडता गेम ऐकून मी चाट पडले. 'डिस्को एलिसियम'. दहा लाखांच्या घरात शब्द असलेला गेम! २०१९ साली तो आला तेव्हा त्यातलं थोडंच बोलणं आवाजात होतं आणि यानं तो अर्ध्यात सोडला होता. २०२१ साली 'फायनल कट' ही आवृत्ती आली. तिच्यात सगळी पात्रंच काय, नायकाच्या डोक्यातले विचारसुद्धा बोलतात. आपण द्यायची उत्तरं तेवढी वाचावी लागतात, पण ती थांबलेली असतात. संभाषण उजव्या बाजूच्या उभ्या पट्टीत साठत जातं, वर सरकवून मागचं वाचता येतं. आणि त्या गेममधल्या जगाचं घड्याळ कसं चालतं माहीत आहे? तुम्ही बोलाल, वाचाल तेव्हाच ते पुढे जातं. नुसते उभे राहिलात तर दिवस उभाच. 'अक्षरं कमी' हे माप लावलं असतं तर हा गेम पहिल्या फटक्यात बाद झाला असता.

लहान मुलांच्या बाबतीत, आणि ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांच्या बाबतीत, मी सरळ बिनशब्दांच्या गेमकडे वळते. 'जर्नी', 'ग्रिस', 'इनसाइड' हे तिन्ही तसे. 'इनसाइड' अंधारा आणि भीतिदायक आहे, तो मोठ्यांनाच. माझ्या वर्गात मात्र सगळ्यात जास्त चालला तो 'मशीनारियम'. चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा २००९ सालचा गेम, आणि चालायला साधा संगणकही पुरतो. भंगारात फेकलेला एक छोटा रोबो आधी स्वतःचे अवयव गोळा करून जोडतो आणि मग शहरात शिरायची खटपट करतो. सुरुवातीच्या एकदोन सूचना सोडल्या तर वाचायला काही नाही. पात्रं बोलतात ती डोक्यावरच्या फुग्यातल्या हलत्या चित्रांतून.

पाचवीतली एक मुलगी माझ्याबरोबर तो खेळत होती. शहराच्या पुलावर पहारेकरी आहे, तो आपल्या रोबोला आत सोडत नाही. तिनं रस्त्यावरचा शंकूच्या आकाराचा पिवळा-लाल अडथळा उचलला, निळ्या रंगात बुडवला, वर दिवा बसवला आणि रोबोच्या डोक्यावर ठेवला. झाली पोलिसाची टोपी. पहारेकऱ्यानं पूल खाली सोडला. ती इतक्या मोठ्यांदा हसली की शेजारच्या खोलीतून आई डोकावली. मग तिनं आईला सगळा प्रसंग पहिल्यापासून सांगितला, आधी काय, मग काय, कशामुळे काय. धड्यातल्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणून मान खाली घालणारी हीच मुलगी.

अडलं तर? त्याचीही सोय त्या गेमनं चित्रांतच केली आहे. दिव्याच्या खुणेवर क्लिक केलं की रोबोच्या मनात पुढचं उद्दिष्ट चित्रानं दिसतं. तेवढ्यानं भागलं नाही तर एक कुलूपबंद वही आहे. एक छोटा, कंटाळवाणा खेळ जिंकला की ती उघडते आणि आत त्या पडद्याचं पूर्ण उत्तर रेखाटलेलं असतं. इंटरनेटवर उत्तर शोधून, तिथला मजकूर वाचून परत येण्याची वेळ मुलावर येत नाही. बिनशब्दांचा म्हणजे सोपा, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. याच गेमच्या उत्तरार्धातली कोडी मला स्वतःला वहीशिवाय सुटली नाहीत.

इथे एका कात्रणाबद्दल सांगायला हवं. ते दर वर्षी कुणीतरी मला फोनवर पाठवतं. इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी २०१३ साली डिस्लेक्सियाच्या मुलांना एकूण बारा तास वेगवान ॲक्शन गेम खेळायला दिला आणि त्यांचा वाचनाचा वेग सुधारला, असं त्यात आहे. अभ्यास खरा आहे. पण मुलं होती वीस, त्यातली निम्मीच तो गेम खेळली, आणि इटालियन भाषेत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळच सरळ आहे. त्यावरून "म्हणजे रोज दोन तास गेम हा उपचारच झाला ना?" असं विचारणाऱ्या वडिलांना मी नाही म्हणते. आणि खरं सांगायचं तर मला गेमला उपचाराच्या पंगतीत बसवायचंच नाही. एकदा का तो उपचार झाला की त्याची वही होते, वहीवर तारीख पडते आणि मुलगा तिथूनही पळतो.

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं म्हटलं की कसोटी आणखी वेगळी. लॉकडाउनमध्ये 'अमंग अस' घरोघर चालला होता. त्यातली छोटी कामं चित्रांची आहेत, ती मुलं सहज करतात. पण मीटिंग सुरू झाली की प्रत्येकानं ठरलेल्या वेळात टाइप करून आपली बाजू मांडायची आणि मग मत द्यायचं. सातवीतला एक मुलगा दर डावात बाहेर फेकला जायचा, कारण बाकीच्यांचे संदेश वाचून होईपर्यंत आणि स्वतःचं स्पेलिंग जुळेपर्यंत मतदान झालेलं असायचं. गप्प बसतो म्हणजे हाच चोर, असा तर्क! उपाय साधा निघाला. मुलांनी डाव सुरू होताना फोनवर ग्रुप कॉल लावला, आणि जो डाव मांडतो त्यानं सेटिंगमध्ये चर्चेचा आणि मतदानाचा वेळ वाढवला. पुढच्याच आठवड्यात त्याच्या आईचा फोन आला. तिची तक्रार अशी की हा आता कॉलवर इतका वाद घालतो की घरात बसवत नाही.

अनोळखी लोकांबरोबर खेळताना असला तह करता येत नाही. ज्या गेममध्ये टाइप केल्याशिवाय डाव जिंकता येत नाही, तो अशा वेळी मी सरळ टाळायला सांगते. नकाशावर खूण करून किंवा ठरावीक आवाजी आज्ञा देऊन बोलता येत असेल तर चालतं.

आता पैशाचं. गेम महाग असतात आणि माझ्याकडे येणारी सगळीच घरं काही सुखवस्तू नाहीत. संगणकावरचे गेम पुष्कळ जण स्टीमवरून घेतात. तिथं खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत करून पैसे मागता येतात. माझी अर्ध्या तासाची परीक्षा त्यात आरामात बसते. भोसरीच्या त्या विद्यार्थ्यानं हे इतकं मनावर घेतलंय की नवा गेम आणला की खोलीवरच्या पोरांसमोर तो आधी हात मांडीवर ठेवून बसतो. परवा त्यानं एक परत केला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "मारामारी भारी होती, मॅडम, पण मालक बोलून थांबतच नव्हता. पैसे घेतले आणि 'मशीनारियम' आणला. तुम्ही म्हणाला होता लहान पोरांचं. नाही ओ. त्या वहीचं कुलूप कसं काढायचं तेवढं सांगा."